पाच मिनिटं कुशीवर

“डॉक्टर, चार दिवस झाले. तुमचं औषध काही लागू पडत नाही. दुसरं काहीतरी द्या.”

जूनची सुरुवात होती. समोर बसलेले गृहस्थ अठ्ठेचाळीस वर्षांचे, माध्यमिक शाळेत गणिताचे शिक्षक. मे महिन्याच्या सुट्टीत गावी जाऊन त्यांनी भाच्यांना विहिरीत पोहायला शिकवलं होतं. रोज दोन-दोन तास पाण्यात. परत आल्यावर उजव्या कानात खाज सुटली. खाज थांबेना म्हणून हाताला लागेल त्या वस्तूने, म्हणजे मोटारसायकलच्या किल्लीने, कान खाजवला. दोन दिवसांत कान असा ठणकायला लागला, की घास चावताना डोळ्यांत पाणी यायचं आणि उजव्या कुशीवर झोपता येईना.

चार दिवसांपूर्वी मीच त्यांना तपासलं होतं. कानाची पाळी जरा मागे ओढल्याबरोबर ते कळवळले. ही बाह्यकर्णाच्या संसर्गाची मोठी खूण. पडद्यामागे, मधल्या कानात पू झाला असेल तर नुसती पाळी ओढल्याने एवढं दुखत नाही. आत पाहिलं तर कानाची नळी लालबुंद आणि सुजलेली, पडदा मात्र शाबूत. मी थेंब लिहून दिले: सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डेक्सामेथासोन यांचं मिश्रण, ४ थेंब, दिवसातून २ वेळा, ७ दिवस. ठणक्यासाठी पॅरासिटामॉल. औषध योग्य होतं, मात्रा योग्य होती. तरी चार दिवसांनी नळी होती तशीच.

दुसरं औषध लिहिण्याआधी मी त्यांना म्हणालो, “सर, थेंब कसे घालता ते एकदा करून दाखवा बघू.”

त्यांनी खिशातून बाटली काढली. खुर्चीत बसल्या बसल्या मान थोडी डावीकडे कलवली, उजवा हात डोक्यावरून वर नेला आणि अंदाजाने बाटली दाबली. पहिला थेंब पाळीच्या खोलगट भागात पडला, दुसरा गालावर ओघळला, उरलेले दोन कानाच्या तोंडाशी पडले. लगेच त्यांनी कापसाचा बोळा कानात खुपसला आणि ताठ बसले. या सगळ्याला दहा सेकंदही लागले नसतील. मी तो बोळा काढून चिमटीत दाबला, तर बोटं ओली झाली. औषध कापसात होतं. सुजलेल्या नळीपर्यंत ते चार दिवसांत पोचलंच नव्हतं.

चूक त्यांच्याइतकीच माझीही होती. किती थेंब, किती वेळा आणि किती दिवस हे मी लिहिलं होतं. कसे घालायचे ते सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून कानाचे थेंब लिहून दिल्यावर मी रुग्णाला, आणि बरोबर घरचं कुणी असेल तर त्यांनाही, प्रत्यक्ष करून दाखवतो. तेच इथे सविस्तर सांगतो आहे.

अडीच सेंटिमीटरची वाट

मोठ्या माणसाच्या कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. लांबी बोटाच्या एका पेराएवढी, पण वाट सरळ नाही. बाहेरचा साधारण तिसरा हिस्सा कूर्चेचा, म्हणजे मऊ आणि वाकणारा. आतला दोनतृतीयांश भाग हाडाचा. हे दोन्ही भाग जिथे जुळतात तिथे नळीला हलकासा बाक आहे, त्यामुळे बाहेरून टाकलेला थेंब आपोआप घरंगळत आत जात नाही. हाडावरची कातडी फार पातळ असते. तिच्याखाली सूज सामावून घ्यायला मऊ थर नसतो. म्हणून जरा सूज आली की कातडी हाडावर ताणली जाते आणि असह्य ठणका लागतो. सुजेने वाट अरुंद झाली की औषधाला आत जाणं आणखी अवघड होतं.

कानातला मळ हे या कातडीचं संरक्षण आहे. तो किंचित आम्ल असतो आणि पाण्याला धरून ठेवत नाही, त्यामुळे जिवाणूंना तिथे सहज वाढता येत नाही. रोजच्या पोहण्याने हा थर धुतला जातो, कातडी फुगते, आणि मग काडी, पिन, किल्ली किंवा कान साफ करायच्या कापसाच्या काडीने एक ओरखडा जरी उमटला तरी जिवाणूंना दार उघडं मिळतं. स्यूडोमोनास आणि स्टॅफिलोकोकस हे दोन जिवाणू या आजारात सर्वांत जास्त सापडतात. आमच्या मास्तरांच्या कानात हेच सगळं ओळीने घडलं होतं.

आता थेंबांचं सामर्थ्य कशात आहे ते पाहा. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या ०.३ टक्के थेंबांत दर मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम औषध असतं. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे चार थेंबांत जेमतेम ०.६ मिलिग्रॅम. याच औषधाची गोळी ५०० मिलिग्रॅमची असते. तरीही बाह्यकर्णाच्या साध्या संसर्गात थेंब गोळीपेक्षा सरस ठरतात. गोळीतलं औषध सगळ्या शरीरात वाटलं जातं आणि कानाच्या कातडीच्या वाट्याला फार थोडं येतं. थेंबातलं औषध मात्र जिथे टेकतं तिथे रक्तातल्या औषधापेक्षा शेकडो पटींनी तीव्र असतं. म्हणूनच संसर्ग नळीपुरता असेल आणि रुग्णाची तब्येत एरवी चांगली असेल, तर प्रतिजैविकाच्या गोळ्या द्यायची सहसा गरज पडत नाही.

पण हे सगळं सामर्थ्य ‘जिथे टेकतं तिथे’ या शब्दांत आहे. ज्या जागेला थेंब टेकला नाही, तिथे तो काहीच करत नाही.

घालणारा दुसरा हवा

शक्य असेल तेव्हा थेंब दुसऱ्या माणसाने घालावेत. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हाच सल्ला आहे. स्वतःचा कान स्वतःला दिसत नाही. डोक्यावरून हात नेऊन बाटली धरली की नेम चुकतो, थेंबांची मोजदाद चुकते आणि पाळी ओढायला दुसरा हात उरत नाही. मास्तरांच्या पत्नी बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी त्यांना आत बोलावलं.

“वहिनी, हे काम आता तुमच्याकडे. बघा, मी एकदा करतो, मग तुम्ही करायचं.”

आधी मी सक्शनच्या बारीक नळीने कानातला पू आणि सुटलेली कातडी काढली. हे काम डॉक्टरांचं. नळी घाणीने भरलेली असेल तर थेंब त्या घाणीवरच बसतात, म्हणून पहिल्या भेटीत किंवा नंतर गरज पडेल तशी ही सफाई करावी लागते. घरी कुणी ती करू पाहू नये. कानाबाहेर आलेला पू तेवढा कोरड्या कापसाने टिपायचा, आत काही घालायचं नाही.

मग मास्तरांना तपासणीच्या टेबलावर डाव्या कुशीवर झोपवलं. दुखरा उजवा कान सरळ छताकडे. मान तिरपी राहू नये म्हणून डोक्याखाली पातळ उशी दिली. बसून मान कलवली तर नळी नीट उभी राहत नाही आणि माणूस अर्ध्या मिनिटात मान सरळ करतो. कुशीवर झोपलं की कान पेल्यासारखा वर तोंड करून राहतो, औषध आत साठतं आणि रुग्णाला आरामात पडून राहता येतं. ज्यांना आडवं होणं जमत नाही, त्यांनी टेबलावर हाताची घडी घालून तिच्यावर डोकं टेकवावं आणि दुखरा कान वर ठेवावा.

बाटली मी आधीपासून मुठीत धरून ठेवली होती, एक-दोन मिनिटं. थेंब अंगाच्या उबेएवढे झाले पाहिजेत. गार थेंब आत गेले की खोली गरगरते, मळमळतं, कधीकधी माणूस उठताना तोल जाऊन पडतो. तोल सांभाळणारी अर्धवर्तुळाकार नलिका कानाच्या नळीजवळच असते. पडद्यालगतची जागा गार किंवा गरम झाली की त्या नलिकेतला द्रव हलू लागतो आणि डोकं स्थिर असतानाही मेंदूला ते फिरतंय असं वाटतं. व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांना रुग्णांचे कान पाण्याने धुताना हेच दिसलं होतं. पाणी गार असलं की रुग्णाला चक्कर यायची आणि डोळे एका दिशेने सरकायचे, पाणी गरम असलं की उलट्या दिशेने, आणि अंगाच्या उबेचं असलं की काहीच व्हायचं नाही. तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेवरच्या त्यांच्या संशोधनाला १९१४चं नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्याला त्यातून एवढंच घ्यायचं: बाटली मुठीत धरा. ती गरम पाण्यात बुडवू नका, गॅसजवळ ठेवू नका. जास्त गरम थेंबांनी कातडी भाजते आणि चक्करही येते.

बाटलीवर ‘हलवून वापरा’ असं छापलं असेल तर ती हलवायची, म्हणजे तळाशी बसलेलं औषध नीट मिसळतं. लेबल वाचायचं आणि नाव चिठ्ठीशी ताडून पाहायचं. मळ मऊ करायचे थेंबही तशाच छोट्या बाटलीत येतात. सुजलेल्या कानात ते चुकून गेले तर आग होते आणि संसर्ग तसाच राहतो. काही थेंबांवर ‘डोळा आणि कान’ असं दोन्ही लिहिलेलं असतं. फक्त कानासाठी असलेले थेंब डोळ्यांत कधीही घालू नयेत.

पाळी वर आणि मागे

हात साबणाने धुतल्यावर वहिनींनी डाव्या हाताच्या चिमटीत पाळीचा वरचा भाग धरला. “वर आणि मागे ओढा,” मी सांगितलं. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढला की नळीचा बाक बराच सरळ होतो आणि थेंबाला वाट मिळते. लहान बाळांची नळी वेगळ्या कोनात असते, म्हणून त्यांचा कान खाली आणि मागे ओढतात. ती पद्धत मोठ्यांना लावून उपयोग नाही. संसर्गात ओढणं दुखतं, हे खरं. हिसका न देता हळूहळू आणि रुग्णाला सोसवेल इतकंच ओढायचं. मास्तरांनी डोळे मिटले, पण तक्रार केली नाही.

थेंब नेमका मधोमध टाकायचा नाही. नळी अरुंद असते. बरोबर मध्यावर थेंब पडला की तो तोंडाशीच अडकतो आणि त्याच्याखाली हवेचा बुडबुडा कोंडला जातो. मग औषध वर आणि सुजलेली कातडी खाली, अशी स्थिती होते. बाटलीचं टोक नळीच्या भिंतीच्या अगदी जवळ धरायचं, पण टेकवायचं नाही. टोक कानाला लागलं तर कानातले जंतू बाटलीत जातात. भिंतीवर पडलेला थेंब भिंतीच्या कडेने उतरतो आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने हवा बाहेर पडते. बाटलीत तेल भरताना आपण धार काठाने सोडतो, तेच तंत्र.

“एक... दोन... तीन... चार.” वहिनींनी मोठ्याने मोजले.

मग पाळी सोडून कानाच्या भोकासमोरचा, गालाकडचा छोटा उंचवटा बोटाने हलकेच दाबायचा आणि सोडायचा, चार-पाच वेळा. त्याच्या दाबाने औषध आत ढकललं जातं आणि अडकलेली हवा वर येते. मास्तर म्हणाले, “आत बुडबुड फुटल्यासारखं वाटलं.” हवा निघाली, औषध उतरलं, याची ती खूण. हा उंचवटा दाबताना फार दुखत असेल तर तो न दाबता पाळीच हळुवार मागेपुढे हलवावी.

घड्याळ लावून पाच मिनिटं

आता पडून राहायचं. तीन मिनिटं तरी, शक्यतो पाच. हे मी मुद्दाम मोबाइलचा गजर लावून करायला सांगतो, कारण पडून राहिलेल्या माणसाला एक मिनिट म्हणजे पाच मिनिटं वाटतात. थेंब सुजलेल्या, घड्या पडलेल्या कातडीवरून हळूहळू पसरत खाली जातो. आधीच उठलं तर निम्मं औषध मानेवरून ओघळून जातं. एवढा वेळ बाटली हातात घेऊन बसायची गरज नाही. टोपण घट्ट लावावं आणि रुग्णाशी गप्पा माराव्यात. वहिनी म्हणाल्या, “अहो, घरी पाच मिनिटं स्वस्थ पडता येईल ना तुम्हाला?” मास्तर हसले.

पाच मिनिटांनी हळूच उठून बसायचं. बाहेर ओघळलेलं औषध टिशूने किंवा स्वच्छ फडक्याने टिपायचं आणि कान उघडा ठेवायचा. कापसाचा बोळा घालायचा नाही. त्याने औषध शोषलं जातं आणि कानात दमटपणा कोंडतो, जो या आजाराला हवाच असतो. दोन्ही कानांत औषध घालायचं असेल तर पहिल्या कानाची पाच मिनिटं पूर्ण होऊ द्यावीत, मग कूस बदलावी. घालणाऱ्याने शेवटी हात पुन्हा धुवावेत.

आंघोळीच्या वेळी मात्र कापूस कामाला येतो. त्याचा गोळा व्हॅसलिनमध्ये घोळवून कानाच्या तोंडाशी बसवावा, म्हणजे पाणी आत जात नाही. आंघोळ झाली की लगेच काढावा. डोक्यावरून पाणी घेणं, विहीर आणि तलाव, इअरफोन हे सगळं कान बरा होईपर्यंत बंद. श्रवणयंत्रही त्या कानात तोवर घालू नये.

किती दिवस

मास्तरांचा हिशोब आम्ही त्या दिवशी पहिल्यापासून मांडला. आधीचे चार दिवस खात्यात धरले नाहीत, कारण औषध पोचलंच नव्हतं. गणिताच्या शिक्षकांना मी गणितच घातलं: ५ मिलिलिटरच्या बाटलीत साधारण १०० थेंब, आणि रोज ८ याप्रमाणे सात दिवसांचे ५६. म्हणजे मात्रा बरोबर घातली तर आठवड्याअखेर बाटलीत बरंच औषध उरतं. चार दिवसांतच बाटली निम्म्याखाली गेली होती, याचा अर्थ थेंब भलतीकडे सांडत होते.

पुढे काय झालं ते त्यांनी वहीत लिहून आणलं होतं. पहिल्या रात्री ठणका होताच, पॅरासिटामॉल घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं किंचित कमी. तिसऱ्या दिवशी भाकरी नेहमीसारखी चावता आली. पाचव्या दिवशी दुखणं थांबलं, पण कानात दडा बसल्यासारखं वाटत होतं. सातव्या दिवशी रात्री शेवटचे चार थेंब. आठव्या दिवशी मी पाहिलं तेव्हा नळी कोरडी होती, सूज उतरलेली होती आणि पडदा स्वच्छ दिसत होता.

हा क्रम बहुतेक रुग्णांत साधारण असाच असतो. थेंब नीट पोचत असतील तर दोन ते तीन दिवसांत, म्हणजे ४८ ते ७२ तासांत, ठणका कमी व्हायला लागतो. पाचव्या दिवशी दुखायचं थांबलं म्हणून थेंब थांबवू नयेत. वरची आग विझली तरी सुजेच्या घड्यांत जंतू शिल्लक असतात. सांगितलेले दिवस पूर्ण करावेत, सर्वसाधारणपणे सात, कधी दहा. सात दिवसांनंतरही थोडी लक्षणं उरली तर डॉक्टर आणखी काही दिवस वाढवतात, पण तो निर्णय कान पाहूनच घ्यावा लागतो.

मनाने जास्त दिवस थेंब घालत राहणंही तितकंच वाईट. प्रतिजैविक जिवाणूंना मारतं, बुरशीला मारत नाही. उलट जिवाणू गेले, कान ओला राहिला आणि सोबत स्टिरॉइड असलं की बुरशीला मोकळं रान मिळतं. आपल्याकडे पावसाळ्याच्या दमट हवेत हे वारंवार दिसतं. ठणक्याऐवजी आता अनावर खाज सुटते, कान भरल्यासारखा वाटतो, आणि तपासल्यावर आत भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा, काळे ठिपके असलेला पांढुरका थर दिसतो. त्यावर आधीचे थेंब निरुपयोगी ठरतात. कान साफ करून बुरशीनाशक थेंब घालावे लागतात आणि बरं व्हायला जास्त दिवस लागतात. म्हणून उरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी फ्रीजमध्ये जपून ठेवू नये. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहावी आणि महिन्याभरात ती टाकून द्यावी.

थेंब आत जातच नसतील तर

कधीकधी सूज इतकी असते की भोक जवळजवळ बंद होतं. कितीही नीट झोपलं, कितीही पाळी ओढली तरी थेंब तोंडाशीच थांबतो. अशा वेळी आम्ही नळीत एक बारीक वात बसवतो. दाबलेल्या स्पंजची किंवा पट्टीची ही वात ओली झाली की फुगते आणि कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं औषध आतपर्यंत नेते. घरी थेंब त्या वातीवरच घालायचे, सांगितलेल्या वेळी, चुकू न देता. सूज उतरली की वात आपोआप बाहेर पडते किंवा दोन-तीन दिवसांनी डॉक्टर ती काढतात. ती आपण ओढू नये, आणि सुटून पडली तर पुन्हा घालू नये.

काही खुणा दिसल्या तर मात्र थेंबांवर विसंबून राहू नये. थेंब घातल्यावर घशात त्याची कडू चव आली, तर पडद्याला भोक असण्याची शक्यता असते. पडदा फाटलेला असताना निओमायसिन, जेंटामायसिन यांसारख्या औषधांनी आतल्या कानाला इजा होऊन ऐकू येणं कमी होऊ शकतं. म्हणून पूर्वी कान फुटला असेल, कानाचं ऑपरेशन झालं असेल किंवा पडद्यात नळी बसवली असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावं. अशा कानासाठी वेगळे, सुरक्षित थेंब आहेत. थेंब सुरू केल्यावर दुखणं कमी होऊन खाज आणि लाली वाढत चालली, पाळीवर आणि गालाकडे पुरळ उठलं, तर ती औषधाची ॲलर्जी असू शकते. निओमायसिन असलेल्या थेंबांनी हे जास्त होतं. बाटली बंद करून दाखवायला यावं.

आणि मधुमेह असलेल्या, वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाचा कान रात्री झोप मोडेल इतका दुखू लागला, थेंब घालूनही ठणका वाढतच गेला, कान वाहायचा थांबेना किंवा तोंड एका बाजूला वाकडं झालं, तर एकही दिवस थांबू नये. संसर्ग कातडीतून हाडात शिरल्याची ती खूण असू शकते. त्यावर रुग्णालयात राहून शिरेतून किंवा गोळ्यांनी कित्येक आठवडे औषध घ्यावं लागतं. ताप येणं, कानामागे सूज येणं, पाळी लाल होऊन फुगणं, याही लगेच दाखवायच्या गोष्टी आहेत.

घरोघरी अजूनही कान ठणकला की लसूण घालून कोमट केलेलं तेल ओततात. संसर्ग झालेल्या नळीत ते तेल जंतूंना मारत नाही, उलट कातडीवर थर धरतं आणि नंतरच्या थेंबांची वाट अडवतं. तेल ओतल्यानंतर आलेल्या कानात मला आधी ते काढावं लागतं, मगच पडदा शाबूत आहे की नाही हे दिसतं. तोच वेळ उपचाराला मिळाला असता.

मास्तर शेवटच्या भेटीत म्हणाले, “पुन्हा किल्ली घालणार नाही.” घालायची गरजही नाही. नळीतली कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेने सावकाश सरकत असते आणि मळ स्वतःच बाहेर आणून टाकते. निरोगी कानाला कोरण्याची गरज नसते.

पुढच्या वेळी कानाचे थेंब लिहून मिळाले तर दवाखान्यातून उठण्याआधी तीन प्रश्न विचारा: माझा पडदा शाबूत आहे का, थेंब कोणत्या तारखेपर्यंत घालायचे, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत दुखणं कमी झालं नाही तर केव्हा यायचं. घरी आल्यावर कुणाला तरी जवळ बोलवा, दुखरा कान वर करून कुशीवर झोपा, पाळी वर-मागे ओढून थेंब भिंतीवर सोडायला सांगा, आणि मोबाइलवर पाच मिनिटांचा गजर लावा.